25 जीबीचा गेम उतरवण्याआधी प्रोसेसरची ओळ नीट वाचा

तक्रार नेहमी एकाच साच्यात येते. प्ले स्टोअरने गेम इन्स्टॉल करू दिला, रॅम भरपूर आहे, जागाही होती, रात्रभर वायफायवर वीस-पंचवीस जीबी उतरवले, आणि सकाळी गेम एक तर अडखळत चालतो किंवा गर्दीच्या ठिकाणी पोचला की थेट होम स्क्रीनवर फेकतो. मग कॅशे साफ करा, फोन रीस्टार्ट करा, गेम काढून पुन्हा टाका असे सल्ले सुरू होतात. शेवटचा सल्ला ऐकला की तेच पंचवीस जीबी पुन्हा उतरवावे लागतात. दुखणं फोनच्या ग्राफिक्समध्ये असेल तर यातल्या कशानेच फरक पडत नाही.

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांकडून मी हे सगळ्यात जास्त ऐकतो. पीजीचं वायफाय आठ-दहा जणांत वाटलेलं असतं. वाट्याला 10 एमबीपीएस आलं तर 24 जीबीला साधारण साडेपाच तास लागतात, आणि मध्ये लाइट गेली की राउटरही बंद. मोबाइल डेटावर रोजचे 2 जीबी धरले तर त्याच गेमला बारा दिवस. म्हणून डाउनलोडचं बटण दाबण्याआधी दहा मिनिटं गेमच्या अटींशेजारी फोनची माहिती ठेवून वाचणं परवडतं. अट इतकीच की ती योग्य क्रमाने वाचली पाहिजे.

बहुतेक जण ती उलट्या क्रमाने वाचतात. अटींच्या पानावर चार गोष्टी असतात: अँड्रॉइडचं व्हर्जन, रॅम, मोकळी जागा आणि प्रोसेसर. पहिल्या तिन्हींत आकडा आकड्याशी ताडता येतो, म्हणून त्या पटकन वाचून होतात. प्रोसेसरच्या ओळीत नाव असतं आणि पुढे "किंवा समकक्ष" असे दोन शब्द. तिथे लोक अंदाजाने "आपला तर नवीन आहे" म्हणून पुढे जातात. गेम कसा चालेल हे मात्र याच ओळीवर ठरतं.

एक उदाहरण सविस्तर

माझा भाचा कर्वेनगरला राहतो, अकरावीत आहे. गेमचं नाव इथे देत नाही, कारण अशा गेमच्या अटी अपडेटगणिक बदलतात आणि वाचायची पद्धत सगळीकडे तीच आहे. ओपन वर्ल्ड प्रकारचा, मोठ्या नकाशाचा गेम. अटींच्या पानावर किमान म्हणून अँड्रॉइड 10, स्नॅपड्रॅगन 670 किंवा समकक्ष आणि 4 जीबी रॅम होती. शिफारस म्हणून स्नॅपड्रॅगन 845 किंवा समकक्ष आणि 6 जीबी रॅम. मोकळी जागा 30 जीबी.

त्याच्या फोनच्या खोक्यावर लिहिलेलं: 12 जीबी रॅम, 128 जीबी स्टोरेज, स्नॅपड्रॅगन 695 5G. फोन अँड्रॉइड 13 वर होता. त्याने हिशोब मांडला तो असा.

"मामा, रॅम दुप्पट आहे, अँड्रॉइड नवीन आहे. आणि 845 तर 2018 च्या फोनमध्ये होता. माझा फोन त्यानंतर चार वर्षांनी आलाय."

"रॅमच्या आकड्यावर चांदणी आहे ती बघितलीस का?"

खोक्याच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत त्या चांदणीचा खुलासा होता: 6 जीबी रॅम अधिक 6 जीबी व्हर्च्युअल रॅम. रॅमकडे पुढे येतो. आधी प्रोसेसर, कारण त्याच्या हिशोबातली मोठी चूक तिथे होती.

स्नॅपड्रॅगन 845 डिसेंबर 2017 मध्ये जाहीर झाला. तो त्या वर्षीचा सगळ्यात वरच्या दर्जाचा प्रोसेसर होता. ऑगस्ट 2018 मध्ये भारतात आलेला पोको एफ1 अनेकांना आठवत असेल, त्यात हाच होता. स्नॅपड्रॅगन 695 ऑक्टोबर 2021 चा, पण मधल्या दर्जाचा. आकड्यातला पहिला अंक दर्जा सांगतो, वर्ष सांगत नाही. 6 म्हणजे मधला, 8 म्हणजे वरचा.

आता घोळ कुठे होतो ते बघा. प्रोसेसर म्हणतो ती एक चिप असली तरी तिच्या आत वेगवेगळे भाग असतात. त्यातला सीपीयू अ‍ॅप उघडणं, स्क्रोल करणं, पान लोड करणं ही कामं करतो. जीपीयू चित्र काढतो: गवत, सावल्या, पाणी, धुकं. 695 चा सीपीयू खरोखरच नव्या पिढीचा आहे आणि रोजच्या वापरात तो 845 ला मागे टाकतो. त्यामुळे फोन हातात चपळ वाटतो, आणि या चपळपणावरूनच माणूस समजतो की गेमही उडेल. पण 695 चा जीपीयू अ‍ॅड्रिनो 619 आहे आणि 845 चा अ‍ॅड्रिनो 630. इथे 2017 ची चिप 2021 च्या चिपला सरळ हरवते. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये ओझं बहुतांशी जीपीयूवर पडतं.

म्हणजे भाच्याचा फोन किमान अटीच्या वर होता आणि शिफारशीच्या खाली. "किमान" या ओळीचा अर्थ इतकाच, की गेम उघडेल आणि सगळ्यात खालच्या ग्राफिक्सवर चालेल. "शिफारस" म्हणजे कंपनीने जसा दाखवला त्याच्या जवळपास चालेल. मधल्या पट्ट्यात पडणाऱ्या फोनवर काय होतं हे पानावर कुणी लिहीत नाही. त्याच्या फोनवर मोकळ्या मैदानात लो ग्राफिक्सला गेम बरा चालला. शहरात शिरल्यावर भिंतींचे पोत उशिरा येऊ लागले आणि वळताना चित्र थांबून थांबून सरकू लागलं. 695 आणि 845 यांचे जीपीयू आधी ताडले असते तर हे डाउनलोडआधीच कळलं असतं.

जीपीयू ताडायचा कसा

आधी आपल्या फोनमध्ये नेमकी कोणती चिप आहे ते शोधा. `Settings > About phone` मध्ये बहुतेक वेळा नाव मिळतं. मिळालं नाही तर सीपीयू-झेड किंवा डेव्हचेक हे अ‍ॅप टाका, त्यात जीपीयूचं नावही दिसतं. फोनच्या मार्केटिंगच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाचा फोन 4G आणि 5G अशा दोन रूपांत वेगवेगळ्या चिपसह विकला जातो, आणि तापकीर गल्लीत सेकंडहँड घेताना दुकानदार सांगतो ते नाव दोन्हींना लागू पडतं. मॉडेल नंबर बघा, त्यावरून फसगत होत नाही.

लॅपटॉप हाताशी असेल, त्यावर गूगलचं `adb` हे साधन टाकलेलं असेल आणि फोनच्या `Developer options` मधलं `USB debugging` चालू करता येत असेल, तर केबल लावून हे तीन आदेश सगळं उघड करतात:

```
adb shell getprop ro.soc.model
adb shell getprop ro.product.cpu.abi
adb shell cat /proc/meminfo
```

पहिल्या आदेशाचं उत्तर चिपचा कारखान्यातला क्रमांक असतं. भाच्याच्या फोनने `SM6375` दिलं, तोच स्नॅपड्रॅगन 695. जुन्या अँड्रॉइडवर ही ओळ रिकामी येते, तेव्हा वरच्या अ‍ॅपवरूनच काम चालवा. दुसऱ्याचं उत्तर `arm64-v8a` आलं पाहिजे. चिप 64 बिटची असूनही काही स्वस्त फोनांवर अँड्रॉइड 32 बिटचं बसवलेलं असतं, तिथे `armeabi-v7a` येतं. असा फोन असेल तर मोठ्या गेमचा नाद तिथेच सोडा. तिसऱ्याचं उत्तर रॅमच्या भागात लागेल.

मग दोन्ही चिपच्या जीपीयूची तुलना. नावातल्या आकड्यांवर ती करू नका, कारण आकडे चकवतात. स्नॅपड्रॅगन 4 जेन 1 मध्ये अ‍ॅड्रिनो 619 होता, तर त्यानंतर 2023 मध्ये आलेल्या 4 जेन 2 मध्ये अ‍ॅड्रिनो 613 आहे. नाव पुढे गेलं, ग्राफिक्स मागे आलं. मीडियाटेककडे हीलिओ G95 मध्ये माली-G76 या जीपीयूचे चार कोअर आहेत आणि G99 मध्ये माली-G57 चे दोनच. G99 बॅटरी कमी खातो आणि त्याचा सीपीयूही नवा आहे, पण G95 वर चालणारा जड गेम G99 वर त्याहून छान चालेल असं गृहीत धरता येत नाही. मालीच्या नावापुढचं MC2, MC4 म्हणजे कोअरची संख्या. माहितीच्या पानावर "माली-G57" एवढंच लिहिलं असेल तर ती माहिती अर्धीच आहे.

नव्या नावांत नेमका हा गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबतो. स्नॅपड्रॅगन 888 नंतर क्वालकॉमने तीन आकडी नावं हळूहळू सोडली आणि 8 जेन 1 असं म्हणायला सुरुवात केली. गेमच्या अटीत 845 लिहिलंय आणि तुमच्या फोनवर 6 जेन 1 असं आहे, तर नावांची तुलना होऊच शकत नाही. पहिला अंक दर्जा, जेननंतरचा अंक पिढी, आणि मध्ये "s" असेल तर त्याच दर्जातली जरा स्वस्त आवृत्ती. एवढ्यावर अंदाज येतो, निकाल लागत नाही.

निकालासाठी मी 3DMark ची वाइल्ड लाइफ चाचणी वापरतो. अ‍ॅप फुकट आहे आणि पंचवीस जीबीच्या मानाने त्याचं डाउनलोड किरकोळ आहे. ती चाचणी जवळजवळ पूर्णपणे जीपीयूवरच भार टाकते. आपल्या फोनवर ती चालवा आणि अटीत लिहिलेल्या चिपच्या फोनला त्याच चाचणीत किती गुण मिळतात ते त्याच अ‍ॅपमधल्या यादीत बघा. भाच्याच्या फोनला 1200 च्या आसपास मिळाले. 845 चे फोन त्याच्या बरेच वर होते. अंतुतू या दुसऱ्या चाचणी अ‍ॅपचा एकूण आकडा मात्र या कामाला घेऊ नका, कारण त्यात सीपीयू, मेमरी आणि स्टोरेजचा वेगही मिसळलेला असतो. नेमका तोच मिसळलेला आकडा नव्या मध्यम फोनला जुन्या भारी फोनच्या बरोबरीला नेऊन बसवतो. अंतुतूच वापरायचं असेल तर त्यातले फक्त जीपीयूचे गुण बघा आणि दोन्ही फोनची चाचणी अंतुतूच्या एकाच व्हर्जनवर झालेली असू द्या.

गेम अडखळतो तो उष्णतेने की ताकदीने

हे वेगळं काढता आलं पाहिजे, कारण एकावर उपाय आहे आणि दुसऱ्यावर नाही. 3DMark मध्येच वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट आहे. ती एकच दृश्य एकेक मिनिट वीस वेळा चालवते आणि शेवटी सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फेरीचे गुण दाखवते.

भाच्याच्या फोनवर वीसही फेऱ्यांत गुण बाराशेच्या आसपासच राहिले. आलेखाची रेघ सपाट. म्हणजे फोन तापून मंदावत नव्हता, त्याची ताकदच तेवढी होती. पंख्यासमोर बसून किंवा कव्हर काढून त्याला काहीही मिळणार नव्हतं.

त्याच दिवशी माझ्या बहिणीच्या स्नॅपड्रॅगन 888 च्या फोनवर तीच चाचणी लावली. पहिल्या फेरीत साडेपाच हजारांच्या वर गुण आले आणि पुढे उतरत उतरत साडेतीन हजारांच्या घरात गेले. रेघ जिन्यासारखी खाली. इथे उष्णता हेच कारण होतं. असा फोन गेमची पहिली दहा मिनिटं झकास चालवतो आणि मग जड होतो. याला कव्हर काढणं, चार्जिंग लावून न खेळणं आणि फ्रेम रेट 60 ऐवजी 30 ठेवणं हे उपाय खरोखर लागू पडतात. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ही उतरण आणखी लवकर सुरू होते. म्हणून ती चाचणी थंडीतल्या सकाळी करून निष्कर्ष काढू नका. तरी लक्षात घ्या, तापलेल्या 888 चे सगळ्यात वाईट गुणही 695 च्या चांगल्या गुणांच्या जवळपास तिप्पट होते. फोन गरम होतो म्हणून तो गेमला नालायक, असं होत नाही.

रॅम: खोक्यावरची आणि खरी

व्हर्च्युअल रॅम म्हणजे फोनच्या स्टोरेजमधला बाजूला काढलेला तुकडा. मागे पडलेली अ‍ॅप्स तिथे सरकवता येतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आल्यावर ब्राउझरचं पान पुन्हा लोड होत नाही, एवढा तिचा उपयोग. चालू असलेल्या गेमला ज्या वेगाने डेटा लागतो तो वेग स्टोरेजकडे नसतो. वरच्या तिसऱ्या आदेशाच्या उत्तरात `MemTotal` ही खरी रॅम आहे आणि `SwapTotal` मध्ये व्हर्च्युअलचा भाग येतो. अटीतला आकडा नेहमी `MemTotal` शी ताडा.

`MemTotal` खोक्यावरच्या आकड्याहून थोडा कमीच दिसतो, कारण काही रॅम सिस्टिम स्वतःसाठी आधीच राखून ठेवते. 6 जीबीच्या फोनवर साडेपाचच्या आसपास दिसणं बरोबर आहे. पण अटीत 4 जीबी किमान असेल आणि तुमचा फोन बरोबर 4 जीबीचा असेल, तर तुम्ही अगदी काठावर आहात.

रॅम कमी पडल्याची खूण ओळखू येते. गेम अडखळत नाही, कसलाही संदेश देत नाही, एकदम बंद होऊन होम स्क्रीन दिसते. अँड्रॉइडने मेमरी मोकळी करण्यासाठी त्याला मारलेलं असतं. बहुतेक वेळा हे नवा नकाशा लोड होताना घडतं. गेमआधी बाकीची अ‍ॅप्स बंद करून हेच वारंवार होत असेल, तर ग्राफिक्समध्ये पोतांचा दर्जा खाली आणल्याने फरक पडतो. सावल्या बंद करून तेवढा पडत नाही, कारण सावल्यांचं ओझं जीपीयूवर असतं आणि पोत मेमरीत बसतात.

जागा: स्टोअरवरचा आकडा पुरा नसतो

प्ले स्टोअरवर दिसणारा आकार अनेकदा फक्त सुरुवातीच्या पॅकेजचा असतो. इन्स्टॉल होऊन गेम पहिल्यांदा उघडला की तो स्वतःच्या सर्व्हरवरून उरलेला डेटा मागतो, आणि खरा आकडा तिथे दिसतो. भाच्याच्या गेमने स्टोअरवर एक जीबीहून कमी दाखवलं होतं आणि आत गेल्यावर वीस जीबींच्या वर मागितले. ही पायरी आपल्या फायद्याची आहे. लहान पॅकेज उतरवा, गेम उघडा, आकडा वाचा आणि "डाउनलोड"ला हात लावायच्या आधी बंद करा. काही गेम इथे आवाजाची एकच भाषा निवडू देतात किंवा फक्त सुरुवातीपुरता डेटा घेऊ देतात. तसं असेल तर तोच पर्याय घ्या, आधी तेवढाच भाग खेळून बघा आणि मग बाकीचं उतरवायचं की नाही ते ठरवा.

जागा अटीत लिहिलीय तेवढीच ठेवून चालत नाही. डेटा दाबून भरलेल्या रूपात येतो आणि मग उलगडतो, त्या वेळी दोन्ही रूपं थोडा वेळ एकत्र राहतात. 98-99 टक्क्यांवर अडकलेलं डाउनलोड किंवा फाइल उलगडताना आलेली चूक दिसली की नेटला दोष देण्याआधी `Settings > Storage` उघडा. गेमच्या पूर्ण आकाराच्या दीडपट जागा मोकळी ठेवा असं मी सांगतो. 24 जीबीला 36. मोठ्या अपडेटच्या वेळी हीच जागा पुन्हा लागते, त्यामुळे गेम आला म्हणून लगेच फोटोंनी ती भरू नका. मेमरी कार्डचा भरवसा धरू नका. असे बहुतेक गेम आपला डेटा फोनच्या आतल्या स्टोरेजमध्येच ठेवतात.

इथे एक धोक्याची सूचना. गेम बिघडल्यावर `Clear cache` दाबलं तर फारसं काही जात नाही. `Clear data` किंवा `Clear storage` दाबलं की उतरवलेले सगळे जीबी जातात. दोन्ही बटणं एकाच स्क्रीनवर शेजारी असतात. गेमच्या लॉगिन स्क्रीनवर फाइल तपासण्याचा किंवा दुरुस्तीचा पर्याय असेल तर आधी तो वापरा, त्यात खराब झालेल्या फाइलच पुन्हा उतरतात. उलट, अर्धवट डाउनलोड सोडून दिलं असेल आणि जागा अडकून पडली असेल, तर `Clear storage` हाच उपाय, कारण अँड्रॉइड 11 पासून साधे फाइल मॅनेजर `Android/data` हा फोल्डर उघडू शकत नाहीत.

प्ले स्टोअरने अडवलं तर

"तुमचं डिव्हाइस या व्हर्जनशी सुसंगत नाही" असा संदेश आला की मुलं कुठून तरी एपीके आणतात. हा संदेश अनेकदा त्या गेमच्या कंपनीने स्वतः ठरवलेला असतो: अमुक रॅमच्या खालचे किंवा अमुक चिपचे फोन वगळा. वळसा घालून इन्स्टॉल झालं तरी चिप तीच राहते. अशा वेळी पूर्ण डेटा उतरल्यावर काळा पडदा येतो आणि आवाज मात्र चालू असतो, ही जीपीयू किंवा त्याच्या ड्रायव्हरला चित्रच काढता येत नसल्याची नेहमीची खूण. शिवाय बाहेरून आणलेल्या एपीकेमध्ये काय मिसळलंय ते तपासायचं साधन आपल्याकडे नसतं आणि गेमचं खातंही त्यातच अडकतं. मी कुणालाही हा रस्ता सांगत नाही.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. प्ले स्टोअरने अडवलं नाही याचा अर्थ कंपनीने तुमचा फोन वगळलेला नाही, इतकाच. गेम नीट चालेल अशी हमी त्यात नसते.

आयफोनवर हे वाचणं सोपं आहे, पण तिथेही एक खड्डा आहे. अ‍ॅपल रॅमचा आकडा जाहीर करत नाही, त्यामुळे अट चिपच्या किंवा फोनच्या नावाने येते. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज 2023 मध्ये आयफोनवर आला तेव्हा त्याला A17 प्रो चिप लागत होती. ती आयफोन 15 प्रो आणि प्रो मॅक्समध्ये आहे. साध्या आयफोन 15 मध्ये A16 आहे, त्यामुळे वर्ष तेच असूनही तो बाद. अ‍ॅप स्टोअरच्या पानावर खाली `Compatibility` मध्ये तुमच्या फोनबद्दल स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे बघितल्याशिवाय विकत घेण्याचं बटण दाबू नका.

आधीच उतरवलं असेल आणि फोन मधल्या पट्ट्यात असेल तर

सगळं एकदम लोवर टाकू नका, क्रम ठेवा. पहिल्यांदा रेंडर रिझोल्यूशन खाली आणा. जीपीयूला सगळ्यात जास्त सुटका याने मिळते, आणि सहा-साडेसहा इंची पडद्यावर चित्र थोडं मऊ दिसण्यापलीकडे फार बिघडत नाही. मग सावल्या, मग धुकं आणि प्रकाशाचे परिणाम. फ्रेम रेट 30 वर बांधा. 60 वर ठेवून तो वीस ते पंचेचाळीस असा नाचत राहिला तर डोळ्यांना जास्त त्रास होतो, त्यापेक्षा स्थिर 30 बरा. प्रत्येक बदलानंतर गेममधल्या त्याच एका जागी जाऊन बघा, शक्यतो शहरात, कारण मैदानात सगळंच चांगलं दिसतं.

भाच्याच्या फोनवर रिझोल्यूशन दोन पायऱ्या खाली आणि सावल्या बंद केल्यावर शहरातलं अडखळणं बरंच कमी झालं, मारामारीच्या वेळी मात्र ते राहिलंच. पुढे काय हे त्याने स्वतःच ठरवलं: गोष्टीचा भाग फोनवर खेळायचा आणि मित्रांबरोबरच्या लढाया आत्याच्या घरी कॉम्प्युटरवर, त्याच खात्याने. तुमच्या गेममध्ये खातं असं दोन्हीकडे चालतं का, तेही उतरवण्याआधी बघून घ्या.